पी म्हणजे पकाऊ

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन ते पाच कोणी कोणाला फोन करत नाही. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण इथे वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. खिडकीतला कूलर घरघरत असतो, ओल्या खसचा वास खोलीभर असतो, आणि सख्खा भाऊसुद्धा "ऊन उतरल्यावर बोलू" म्हणून थांबतो. गेल्या उन्हाळ्यात त्या वेळी आमच्या प्रतापनगरच्या घरात एकच फोन वाजायचा, तो बाबांचा. पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं. "सर, आपके लिए पाँच लाख का प्री-अप्रूव्ड लोन है."

बाबा 74 वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, घर त्यांचं स्वतःचं, आणि हप्त्यावर त्यांनी आयुष्यात एकच वस्तू घेतली होती, ती म्हणजे स्कूटर. सुरुवातीला ते प्रत्येकाला नीट समजावून सांगायचे की मला कर्ज नको. मग चिडायला लागले. मग एक दिवस त्यांनी त्यांच्या परीने बंदोबस्त केला. बँकेच्या नावाने जे जे मेसेज येत होते, ते एकेक दाबून धरून सगळे म्यूट करून टाकले. वर मला म्हणाले, "पाहा, आता कसं शांत झालं."

शांत झालं खरं. त्या शांततेतच एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या डेबिट कार्डावरून 3,870 रुपये गेले, कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर. ओटीपी आलाच नव्हता. परदेशी दुकानदारांकडे अनेकदा ओटीपीशिवायच व्यवहार होतो, आणि दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला जाताना चालू केलेली कार्डाची परदेशी सुविधा परत आल्यावर बंद करायची राहून गेली होती. बँकेने मेसेज मात्र लगेच पाठवला होता. तो म्यूट केलेल्या ढिगात, एका गोल्ड लोनच्या जाहिरातीखाली जाऊन पडला. बुधवारी सकाळी बाबा पासबुक भरायला गेले, तेव्हा ती ओळ दिसली.

रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं एक परिपत्रक आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचावं लागलं. आपली चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी पैसे उडवले, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यात जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंतचा फटका आपल्या माथी. त्यापुढे बँकेचं धोरण काय असेल ते. यातली मेख अशी, की घड्याळ मेसेज मिळाल्यापासून चालू होतं. तो वाचला की नाही, म्यूट होता की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आमचं नशीब चांगलं. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत. दुसऱ्या दिवशी महिन्याचा चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. मग रविवार. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. दुपारी बारा वाजता, डोक्याला दुपट्टा बांधून, मी आणि बाबा शाखेत उभे होतो. त्याआधी घरूनच कार्ड बंद केलं आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला होता. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती का होईना, खात्यात परत टाकायची असते. ती आली. पुढची चौकशीही झाली. पण परतीच्या वाटेवर बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे जाहिराती बंद करायला गेलो आणि चौकीदाराचंच तोंड बांधलं."

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांचा फोन घेऊन बसलो. मागच्या एका आठवड्यात बँकेच्या नावाने आलेले मेसेज मोजले. 46 निघाले. त्यातले 19 निव्वळ जाहिराती: कर्ज, कार्ड, विमा, कुठल्याशा सेलवर दहा टक्के सूट. 21 व्यवहाराचे, म्हणजे पैसे गेले, पैसे आले, ओटीपी. चार कामाचे, म्हणजे मुदत ठेव संपत आली, चेकबुक पाठवलं वगैरे. उरलेले दोन दहा आकडी मोबाइल नंबरवरून आले होते आणि "आज केवायसी करा नाहीतर खातं बंद" म्हणत होते. ते बँकेचे नव्हतेच.

हे ढीग डोळ्यांनी वेगळे करायची एक सोय आता पाठवणाऱ्याच्या नावातच असते, हे मला त्या आठवड्यात कळलं. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2025 मध्ये नियम सुधारले, तेव्हापासून नावाच्या शेवटी एक अक्षर जोडायचं ठरलं. नाव साधारण असं दिसतं:

```
XY-ABCBNK-T
```

शेवटी `-P` असेल तर जाहिरात, `-S` असेल तर सेवेची माहिती, `-T` असेल तर व्यवहार, आणि `-G` असेल तर सरकारी. बाबांना इंग्रजी शब्द पाठ करायचे नव्हते. त्यांनी डायरीत स्वतःचं कोष्टक मांडलं: पी म्हणजे पकाऊ, एस म्हणजे साहेबाचं पत्र, टी म्हणजे तिजोरी. जीसाठी त्यांना काही सुचलं नाही. सरकारी नोकरीत 35 वर्षं काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं, पण मी आग्रह केला नाही.

हे अक्षर खरेपणाचा शिक्का नाही, हेही त्यांना सांगितलं. त्याचा उपयोग चाळणीपुरता. मेसेजातल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, आणि शंका आली तर कार्डामागचा नंबर लावायचा, हे अक्षर कोणतंही असलं तरी खरंच.

आता मूळ दुखण्याकडे. मी आधी तेच केलं जे सगळे करतात. बाबांच्या फोनवरून 1909 ला मेसेज टाकला:

```
START 0
```

याने सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद करायची पसंती नोंदली जाते, यालाच डीएनडी म्हणतात. मोबाइल कंपनीकडून पोच आली. बिल्डरांचे फोन कमी झाले, कोचिंग क्लासवाले गेले (74 वर्षांच्या माणसाला नीटची तयारी विचारणारे गेले याचा मला विशेष आनंद झाला). बँकेचे मात्र जसेच्या तसे. दोन आठवडे वाट पाहिली, मग मी वैतागून म्हणालो की हे डीएनडी म्हणजे थोतांड आहे.

थोतांड नव्हतं. माझी समज चुकली होती. ट्रायच्या 2018 च्या नियमांपासूनच हे असं आहे: डीएनडीची नोंद ही अनोळखी विक्रेत्यांसाठीची पाटी आहे. ज्या संस्थेला तुम्ही स्वतः स्पष्ट संमती दिली आहे, तिच्यापुरती ती पाटी बाजूला सरते. आणि आपल्या बँकेला संमती आपणच दिलेली असते. खातं उघडताना, कार्ड घेताना, ॲप उतरवताना, बारीक अक्षरांत एक चौकोन असतो की बँक व तिच्या समूहातील कंपन्या मला उत्पादनांची माहिती देऊ शकतात. सह्या करत करत आपण पुढे जातो. बाबांनी तर कार्डासाठी फॉर्म भरताना शिपायाला म्हटलं होतं, "कुठे कुठे करू सही, फुली मारून दे." तेव्हा 1909 वर कितीही मेसेज पाठवले तरी ती फुली तशीच राहते. ती जिथे मारली तिथेच पुसावी लागते.

म्हणून पुन्हा शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी बरी होती, पण तिने पहिल्यांदा सांगितलं ते असं, "काका, 1909 वर टाका ना." मी म्हटलं, टाकून झालंय. मग ती आत जाऊन विचारून आली. बऱ्याच बँकांकडे स्वतःची एक वेगळी यादी असते, विक्रीसाठी फोन न करायच्या ग्राहकांची. संकेतस्थळावर तिचा फॉर्म कुठेतरी तळाला असतो, शाखेत मागितला तर लेखी अर्जही चालतो. आम्ही लेखीच दिला, आणि आता वाटतं, तेच बरं झालं. फॉर्मवर खुणा कमी असतात. अर्जात हवं तसं लिहिता येतं.

अर्ज बाबांनी स्वतः लिहिला. खात्यातल्या पद्धतीने, विषय, संदर्भ, महोदय. पण मजकूर तीनच वाक्यांचा ठेवला आणि तो का तसा ठेवला हे सांगायला हवं. पहिलं वाक्य: माझ्या अमुक क्रमांकांवर व ईमेलवर फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल आणि ॲप यांपैकी कोणत्याही मार्गाने विक्रीविषयक संपर्कास दिलेली संमती मी मागे घेत आहे. मार्गांची नावं एकेक लिहायची, कारण "मेसेज नको" म्हटलं की एसएमएस थांबतात आणि तीच जाहिरात व्हॉट्सॲपवर निळ्या टिकेसह हजर होते. दुसरं वाक्य: माझी माहिती समूहातील कंपन्यांना, विमा भागीदारांना वा विक्री एजंटांना विक्रीसाठी देऊ नये. हे नसलं तर बँक थांबते आणि विम्याची कंपनी चालू राहते. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: व्यवहाराच्या सूचना, ओटीपी व खात्याच्या सेवेचे संदेश पूर्ववत चालू ठेवावेत. ही भीती पोकळ नाही. घाईतला कर्मचारी "सगळे अलर्ट बंद" अशी एकच कळ दाबू शकतो, आणि मग चौकीदार पुन्हा मुका.

दोन प्रती नेल्या. एकीवर तारखेसह पोच घेतली. बाबांना पोच घेणं इतकं आवडतं की त्यांनी ती घरी येऊन डायरीत चिकटवली.

एक गोष्ट मात्र पहिल्या फेरीत सुटली. बचत खातं आणि क्रेडिट कार्ड या बँकेच्या आत दोन वेगळ्या वह्या असतात. माझं कार्ड त्याच बँकेचं आहे, आणि त्यावर बाबांचा नंबर पर्यायी नंबर म्हणून टाकलेला होता. खात्याकडून फोन थांबले, कार्डाकडून चालूच राहिले. तीन आठवडे मी बँकेला शिव्या घालत होतो आणि भोक माझ्याच फॉर्मात होतं. बाबांचा नंबर काढला, कार्डासाठी वेगळी नोंद केली. अर्ज देणाऱ्याने आधी बसून लिहून काढावं, आपला नंबर त्या बँकेत कुठे कुठे आहे: खातं, कार्ड, जुनं बंद झालेलं कर्ज, लॉकर, नातेवाइकाचा नॉमिनी म्हणून दिलेला फॉर्म. संमती काढून घेतल्यावर, सुधारित नियमांप्रमाणे, पाठवणाऱ्याने 90 दिवस पुन्हा संमती मागायचीही नसते. पण जी वहीच आपण दाखवली नाही, तिला हे कसं लागू होणार.

बँकेकडून ठरल्या वेळेत उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी माहीत करून ठेवली होती. 30 दिवसांत दाद लागली नाही वा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. बाबांची इच्छा होती की तसं व्हावं. "रिझर्व्ह बँक आपल्या संविधान चौकातच आहे की, मी चालत जाऊन देईन." जुने लोक त्या चौकाला अजून आरबीआय चौकच म्हणतात, बाबांना मात्र नवं नाव आवडतं. पण बाविसाव्या दिवशी बँकेची ईमेल आली की नोंद घेतली आहे, आणि त्यांची चालण्याची संधी गेली.

मग आली ती निवड, जिच्यावर आमच्यात खरी वादावादी झाली. मला सगळं बंद हवं होतं. बाबांना नको होतं.

पैसे जाण्याच्या सूचनेवर दोघांचं एकमत: एक रुपया गेला तरी कळलं पाहिजे. काही बँकांनी यूपीआयच्या अगदी लहान रकमांचे एसएमएस बंद केले आहेत, तिथे ईमेलवर तरी ते चालू ठेवायचे. आमच्या बँकेत सूचनांच्या पानावर किती रकमेच्या वर कळवायचं हे ठरवता येतं. पैसे जाण्यासाठी सगळ्यात खालची मर्यादा टाकली. पैसे येण्यासाठी मी 500 म्हटलं, कारण भाचा कधी चहाचे वीस रुपये परत पाठवतो तेही वाजायचं. रोजच्या शिलकेचा मेसेज काढला. तो काही कामाचा नव्हता आणि एसएमएसचे पैसे तिमाहीला कापले जातात ते वेगळेच. पासबुकात `SMS Charges` अशी ओळ बाबांना आधीपासून खुपत होती. किमान शिलकेची सूचना ठेवली. कार्डाची परदेशी सुविधा बंद केली, ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवर आणली. हे तसं सूचनांत मोडत नाही, पण त्याच पानाच्या शेजारी होतं आणि जखम ताजी होती.

जाहिरातींबद्दल बाबा म्हणाले, "ज्येष्ठांच्या ठेवीचे दर बदलले तर मला कळायला हवं." मी म्हटलं, ते वेबसाइटवर असतं. ते म्हणाले, "वेबसाइटवर तूही असतो, दिसतो का कधी?" तेव्हा एक जागा उघडी ठेवली: ठेवीच्या दरांची माहिती, फक्त ईमेलवर. मुदत ठेव संपण्याची आठवण, नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची आठवण, ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला द्यायच्या घोषणापत्राची आठवण, हे तर ऑफर नव्हेतच, ते एसचे. मी मात्र माझ्या कार्डावर एक सवलत ठेवली, रेल्वे तिकिटाची, कारण महिन्यातून दोनदा मुंबईला जावंच लागतं. बाकी ज्या ऑफरसाठी मला आधी काहीतरी विकत घ्यायची इच्छा उत्पन्न करावी लागते, त्या सगळ्या गेल्या.

ॲपचं वेगळं. तिथे सूचना पूर्ण बंद करायचा मोह आवरला, कारण मंजुरी मागणाऱ्या सूचनाही तिथूनच येतात. आलेली जाहिरात बोटाने दाबून धरली की अँड्रॉइड त्या ॲपच्या सूचनांचे प्रकार दाखवतो, जर ॲपवाल्यांनी ते वेगळे केले असतील तर. आमच्या ॲपने केले होते. ऑफर बंद, व्यवहार चालू. ज्यांच्या ॲपमध्ये एकच कळ आहे, त्यांनी ती चालूच ठेवलेली बरी.

फोनचं सगळ्यात शेवटी सुटलं, आणि पूर्ण सुटलं असं म्हणवत नाही. 140 ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणी केलेला विक्रीचा फोन. 1600 ने सुरू होणारा म्हणजे सेवेचा वा व्यवहाराचा. व्यापारी बँकांना असे फोन 1600 वर आणायला 1 जानेवारी 2026 ही तारीख दिलेली होती. हे दोन आकडे बाबांच्या डायरीत कोष्टकाखाली आहेत. 140 आता येत नाहीत. येतात ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून, "मी बँकेकडून बोलतोय" म्हणणारे. हे बहुतेक एजंट असतात, आणि बँकेच्या यादीशी त्यांची गाठ नसते. त्यांच्यासाठी डीएनडीचं ॲप वा 1909: नंबर, तारीख, काय म्हणाला ते एका ओळीत, आणि फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत. अशा बिननोंदणीच्या नंबरविरुद्ध तक्रार करायला आपलं डीएनडी चालू असण्याचीही अट आता नाही. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली की त्या नंबरावर कारवाईची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे माझी एकट्याची तक्रार पुरत नाही. पण पाचातला एक मी असू शकतो, आणि बाबा दुसरे.

बाबा हे काम निष्ठेने करतात. फोन आला की भांडत नाहीत, एवढंच विचारतात, "कंपनीचं नाव काय, आणि माझा नंबर कोणी दिला?" बहुतेक वेळा पलीकडून फोन ठेवला जातो. मग नंबर डायरीत, तारीख, वेळ. यंदाच्या एप्रिलात अशा नोंदी तीन आहेत. गेल्या वर्षी त्या दुपारी एका आठवड्यात तेवढ्या झाल्या असत्या.

काल पुन्हा तीच वेळ होती. कूलर चालू, पडदे ओले, मी अर्धवट झोपेत. आतल्या खोलीत फोन एकदाच टिंग झाला. बाबांचा चष्मा सापडायला मिनिट लागलं असेल.

"पकाऊ आहे का?" मी विचारलं.

"नाही. तिजोरी," ते म्हणाले. "212 रुपये. गॅसवाल्याला तूच दिले का रे आत्ता?"

मी उठून पाहिलं. मी दिले नव्हते, बहिणीने बाबांच्या फोनवरून सकाळी भाजीचे पाठवले होते, मेसेज उशिरा आला होता. ते कळेपर्यंत बाबांनी डायरी उघडून पेन हातात घेतलेला होता.